पितळी पाटीवरचा मजकूर

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर नवे घर घेतले. भाचा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. घराच्या दिवाणखान्यात एक काचेचे कपाट करून त्यात आजोबांचा पेटीचरखा ठेवायचा आणि खाली एक पितळी पाटी लावायची, असे त्याने ठरवले. पाटीवरचा मजकूर लिहिण्याचे काम साहजिकच घरातल्या भाषेच्या प्राध्यापिकेकडे आले. "आत्या, दोनच ओळी हव्यात," तो म्हणाला. "पणजोबांचं नाव, आणि खाली, १९३०, ठाणे कारागृह."

आमच्या घरातली ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मिठाच्या सत्याग्रहात आजोबांना शिक्षा झाली, ते ठाण्याच्या तुरुंगात होते आणि तिथे ते ह्या चरख्यावर सूत कातत. आजोबा १९४९ साली गेले. मी त्यांना पाहिलेले नाही. चरखा मात्र डोंबिवलीला काकांच्या कपाटात, जुन्या धोतरात गुंडाळलेला, अनेकदा पाहिला होता. पाहिला होता, वाचला नव्हता. पितळेवर कोरायचे अक्षर सहजी पुसता येत नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी एकदा खात्री करावी, असे मला वाटले.

अशी खात्री कशी करतात हे मला ठाऊक नव्हते. ते मला कल्याणच्या एका वृद्ध मिस्त्रींनी शिकवले. पारनाक्याच्या परिसरातल्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी अट एकच घातली. "बाई, घरचा चरखा आधी बघू नका. त्यात जीव गुंतलेला असतो. आधी परका बघू."

परका चरखा शोधायला फार हिंडावे लागले नाही. आज ठाण्याच्या मोठ्या संकुलांच्या प्रवेशदालनांत, उपाहारगृहांत, कपड्यांच्या दुकानांत चरखे आणि हातमागांचे भाग शोभेसाठी मांडलेले दिसतात. कल्याणहून उल्हासनगरकडे जाताना लागणाऱ्या फर्निचरच्या दुकानांतही ते मिळतात. अशाच एका दुकानात एक मोठा उभा चरखा होता. दोन फूट व्यासाचे चाक, खाली जाड पाट, आणि गळ्यात एक चिठ्ठी: 'दीडशे वर्षे जुना'.

ही चिठ्ठी वाचताच माझ्यातल्या अभ्यासकाला पहिली शंका आली ती इतिहासाची. गांधीजींना चरखा हवा होता तेव्हा गुजरातेत तो सहजी सापडत नव्हता. गंगाबेन मजमुदार यांनी पुष्कळ शोध घेतला, तेव्हा तो बडोदा संस्थानातल्या विजापूर येथे मिळाला, आणि तोही माळ्यावर पडलेला. त्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. १९२१ साली बेझवाड्याच्या बैठकीत काँग्रेसने देशात २० लाख चरखे सुरू करण्याचा संकल्प केला. म्हणजे आपल्या घरांतून आज जे चरखे सापडतात, त्यांतले बहुसंख्य ह्या चळवळीनंतर घडलेले असण्याचीच शक्यता अधिक. दीडशे वर्षांचा चरखा असूच शकत नाही असे नव्हे. पण तसे म्हणणाऱ्याने पुरावा दिला पाहिजे.

मिस्त्रींनी इतिहास विचारला नाही. त्यांनी चरखा उलटा केला.

"वरची बाजू गिऱ्हाइकासाठी असते," ते म्हणाले, "खालची कामासाठी." जुन्या काळचा सुतार न दिसणाऱ्या बाजूवर रंधा वाया घालवत नसे आणि तिला रोगणही लावत नसे. त्यामुळे जुन्या वस्तूचा तळ कोरडा, करडा, थोडा खडबडीत असतो. ज्या कडा जमिनीवर घासल्या गेल्या, तेवढ्याच गुळगुळीत होतात. इथे तळाला वरच्याइतकाच गडद तपकिरी रंग होता, सगळीकडे सारखा. हवेने आणि धुळीने काळवंडलेले लाकूड असे एकसारखे कधीच नसते.

मग त्यांनी सांधे पाहिले. चाकाला आधार देणारे दोन खांब पाटात बसवलेले होते. चालणाऱ्या चरख्याला सतत हादरे बसतात, म्हणून खांबाचे टोक पाटातल्या खाचेतून आरपार नेऊन पाचर ठोकण्याची पद्धत होती. सांधा सैल झाला की पाचर पुन्हा ठोकायची, की चरखा घट्ट. सरस लावून पक्का केलेला सांधा एकदा निखळला की संपला. ह्या चरख्याचे खांब खाचेत जेमतेम बोटभर उतरले होते. कडेने सरसाचे वाळलेले थेंब दिसत होते आणि लांबीने भरलेल्या एका टिंबाखाली गोल तारेचा खिळा लपवलेला होता. हा सांधा हादरे सोसण्यासाठी केलेलाच नव्हता. ज्याने तो केला, त्याला हा चरखा कधी फिरणार नाही हे ठाऊक होते.

"पण लाकूड बघा," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचा स्वर बदलला. पाटाचे लाकूड अस्सल जुने सागवान होते, जड आणि घट्ट धाग्याचे. त्याच्या बाजूला एक चौकोनी खाच लाकडाचा तुकडा बसवून बुजवलेली होती. तिच्याजवळ गंजाचा एक डाग होता आणि त्याच्या मध्यभागी खिळ्याचे चौकोनी भोक. हाताने घडवलेले जुने खिळे चौकोनी असत. कारखान्यातला तारेचा खिळा गोल असतो. चरख्याच्या रचनेत त्या खाचेला आणि त्या खिळ्याला काहीच काम नव्हते. ती खाच एखाद्या तुळईची किंवा चौकटीची होती. कल्याणातले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे सागवान वखारीत येते, आणि त्यातून असे चरखे घडतात.

हे मला फार ओळखीचे वाटले. भाषेच्या अभ्यासात आम्ही नवशिक्यांना पहिली सावधगिरी हीच शिकवतो. शब्द जुना असला म्हणून वाक्य जुने ठरत नाही. आज सकाळी लिहिलेल्या पत्रात ज्ञानेश्वरकालीन शब्द खुशाल येऊ शकतो. पत्राचा काळ ठरवायचा तर त्यातला सर्वांत जुना नव्हे, सर्वांत नवा शब्द शोधावा लागतो. एखाद्या मराठी कागदात 'बटाटा' हा शब्द आढळला, तर तो कागद पोर्तुगीज येण्यापूर्वीचा असू शकत नाही, मग त्याची बाकीची भाषा कितीही जुन्या वळणाची असो. लाकडाच्या वस्तूलाही हाच नियम लागू आहे. वस्तू तिच्या सर्वांत नव्या मूळ भागाहून जुनी असू शकत नाही.

ह्या नियमातला 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. जुन्या पोथीत नंतरच्या लेखनिकाने एखादा शब्द घुसडलेला असतो, तशी जुन्या चरख्यात दुरुस्ती असते. चाते, म्हणजे सूत पिळणारी बारीक लोखंडी सळई, वाकते आणि बदलावी लागते. त्याला आधार देणारी चामड्याची पट्टी झिजते. चाकावरून चात्यापर्यंत जाणारी दोरीची माळ तर वारंवार तुटते. हे भाग नवे दिसले म्हणून चरखा बनावट ठरत नाही. उलट, वापरातला चरखा असाच असतो. काळ ठरवायचा तो पाट, खांब, चाकाचा तुंबा आणि त्यांचे सांधे ह्यांवरून.

शेवटी मिस्त्रींनी झीज पाहिली. मला वाटत होते, झीज म्हणजे जुनेपणा. त्यांनी ते दुरुस्त केले. झीज म्हणजे काम, आणि कामाला दिशा असते. चाकाचा आस खांबांच्या भोकांत फिरतो. चाकाचे वजन त्याला खाली ओढते आणि ताणलेली माळ त्याला चात्याच्या बाजूला ओढते. म्हणून वर्षानुवर्षे फिरलेल्या चरख्यात ते भोक गोल राहत नाही. ते खाली आणि चात्याच्या दिशेने लांबट होत जाते. हाताच्या मुठीला तेलकट चमक येते आणि माळेच्या वाटेवर लाकूड घासून नितळ होते. दुकानातल्या चरख्याची भोके कंपासाने काढल्यासारखी गोल होती. ओरखडे मात्र भरपूर होते, आणि ते चारी बाजूंना सारखे होते. जिथे हात पोहोचत नाही आणि दोरी लागत नाही, अशा आतल्या कोपऱ्यांतही होते. दिशा नसलेली झीज ही केलेली झीज असते.

दुकानदार शांतपणे हे सारे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, लाकूड तरी जुनं आहे ना?" तो खोटे बोलत नव्हता. लाकूड शंभर वर्षांचे असेल. चरखा फार तर दहा वर्षांचा होता.

जवळच एका टोपलीत भिवंडीहून आलेले धोटे होते, आणि त्यांनाही 'प्राचीन हातमागाचे' अशी चिठ्ठी होती. माझ्या हाती आलेल्या धोट्याच्या दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या होत्या. विणकर ज्या मागावर धोटा हाताने सरकवतो, तिथे टोकाला अशा टोपीची गरज नसते. टोकावर दर फेरीला ठोका बसतो तेव्हाच ती लागते, म्हणजे धावत्या धोट्याच्या हातमागावर किंवा यंत्रमागावर. धावता धोटा इंग्लंडात १७३३ साली निघाला, पण आपल्या विणकरांत तो विसाव्या शतकात पसरला. भिवंडी तर यंत्रमागांचेच गाव झाले. तेव्हा तो धोटा खरा होता, वापरलेला होता. 'प्राचीन' मात्र नव्हता.

येताना गाडीत मी मिस्त्रींना विचारले, की लाकडाचे वय प्रयोगशाळेत काढता येणार नाही का? सागाला वाढवलये असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्राच्या संस्थेतील संशोधकांनी ठाणे परिसरातल्या सागाच्या वलयांचा अभ्यास १९८० च्या दशकात प्रसिद्ध केला आहे, हे मी वाचले होते. मिस्त्री हसले. "त्याने झाड कळेल. चरखा कसा कळेल?" त्यांचे म्हणणे अचूक होते. वलये झाडाचे वय सांगतात. ते झाड तुळई होऊन किती वर्षे राहिले आणि मग चरखा कधी झाले, हे वलयांत लिहिलेले नसते. शिवाय चरख्याच्या अरुंद तुकड्यात जुळणी करण्याइतकी वलयेही सहसा मिळत नाहीत.

त्या रविवारी आम्ही डोंबिवलीला काकांकडे गेलो. काका ऐंशीच्या पुढचे, आजोबांचे धाकटे चिरंजीव. त्यांनी धोतर सोडून पेटी समोर ठेवली. दीड फूट लांबीची, सपाट, बिजागरीने उघडणारी. आत दोन आडवी चाके, एक मोठे व एक लहान, आणि घडी करून ठेवता येणारी चात्याची बैठक. ह्या जातीच्या चरख्याला 'येरवडा चक्र' असेही म्हणत, कारण १९३० च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी त्याच्या रचनेवर काम केले. म्हणजे आमच्या कथेतले साल आणि ह्या रचनेचे साल एकच. येरवड्यात जे आकाराला येत होते, ते त्याच वर्षी ठाण्याच्या तुरुंगात एका साध्या कैद्याच्या हाती असेल का? अशक्य नव्हे, पण जुळणी फारच तंतोतंत होती.

मिस्त्रींनी पेटी उलटी केली. तळ प्लायवुडचा होता. प्लायवुड १९३० सालीही अस्तित्वात होते, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नव्हते. शिवाय तळ नंतर बदललेला असू शकतो. ते त्यांनी तपासले. तळ बदलला असता तर चौकटीच्या कडेला जुन्या स्क्रूची रिकामी भोके राहिली असती. तशी भोके नव्हती. चाकांचे आस ज्या पट्ट्यांवर बसले होते, त्या पट्ट्याही ह्याच तळावर जडवलेल्या होत्या, आणि त्यांनाही भोकांचा एकच संच होता. तळ मूळचाच होता.

मग त्यांनी कोपरे दाखवले. दोन फळ्यांची टोके एकमेकांत गुंफलेल्या बोटांसारखी अडकवलेली होती. प्रत्येक बोट अगदी सारख्या रुंदीचे, आणि कुठेही पटाशीसाठी आखलेली रेघ नाही. हाताने केलेल्या सांध्यात बोटे थोडी लहानमोठी असतात आणि खुणेची रेघ बहुधा राहून जाते. आतल्या बाजूला करवतीच्या खुणा सरळ नव्हत्या, किंचित कमानदार होत्या. हाताची करवत सरळ रेघा सोडते, गोल फिरणारी यंत्राची करवत कमानी सोडते. ही पेटी यंत्रे असलेल्या कार्यशाळेत, एका साच्यावर, अनेक भावंडांसोबत तयार झाली होती. साल अजून कळले नव्हते, पण कथा डळमळू लागली होती.

पुढचे वाचन माझे होते. तळाच्या एका कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी पुसटसे लिहिले होते. खिडकीच्या तिरप्या उजेडात धरल्यावर अक्षरे लागली: 'रु. १४ — ५० न. पै.'

न. पै., म्हणजे नवे पैसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, आणि जुन्या पैशापासून वेगळे ओळखू यावे म्हणून नव्या नाण्याला 'नया पैसा' म्हटले गेले. १ जून १९६४ पासून त्यातला 'नया' अधिकृतपणे गळला. एखाद्या शब्दाला जन्मतारीख आणि निवृत्तीची तारीख दोन्ही असाव्यात, असे भाग्य भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला क्वचितच लाभते. ह्या दोन तारखांचे वजन मात्र सारखे नाही. पहिली पक्की आहे, कारण १९५७ पूर्वी कोणी 'न. पै.' लिहिणे संभवत नाही. दुसरी सैल आहे, कारण सरकारने शब्द सोडला तरी दुकानदाराची पेन्सिल तो आणखी काही वर्षे सोडत नाही. तळ मूळचा, किंमत तळावर, आणि ती विक्रीच्या वेळची. चरखा १९५७ च्या आधीचा नव्हता.

आजोबा १९४९ साली गेले होते. त्यांनी ह्या चरख्याला हात लावलेला नव्हता.

मी काही बोलले नाही. मिस्त्री मात्र अजून पेटी पाहत होते. मोठ्या चाकावरची लाकडी मूठ त्यांनी बोटांत धरून हलवली. मुठीचे भोक एका बाजूला लांबट झाले होते. चाकांच्या खाचांत माळेने इतके काम केले होते की लाकूड काचेसारखे झाले होते. पेटीची एक कड, बसणाऱ्याचा गुडघा टेकतो तिथे, गोलावली होती. तळाचे उजवीकडचे दोन कोपरे डावीकडच्यांपेक्षा जास्त घासले होते, कारण चाक फिरवणाऱ्या हाताचा जोर त्याच बाजूला पडतो. "हा शोभेचा नाही," ते म्हणाले. "ह्याच्यावर कोणीतरी रोज बसलंय. बरीच वर्षं बसलंय."

कोण, हे ते सांगू शकत नव्हते. झीज हात दाखवते, नाव दाखवत नाही. नावासाठी माणूसच लागतो.

मी काकांकडे पाहिले. पेन्सिलीचे अक्षर मी त्यांना वाचून दाखवले होतेच. ते बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आईचा आहे गं हा. बाबांचा उभा चरखा होता, मोठा. तो गावच्या घराबरोबर गेला. हा आईने भांडारातून आणला, मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. दुपारची कामं झाली की बसायची." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "घरी येणारे विचारायचे, वडिलांचा का? मी हो म्हणायचो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ती तिथेच होती. काही बोलली नाही. मग तेच खरं होऊन बसलं."

आजी १९८३ साली गेली, तेव्हा मी शाळेत होते. तिच्या दुपारच्या सुताचा घर्रर्र आवाज मला आता आठवला. इतकी वर्षे तो माझ्या कानांत होता, पण कथेत त्याला जागा नव्हती म्हणून तो चरख्याशी जोडला गेला नव्हता. आजोबा तुरुंगात गेले हे खरे आहे आणि ते त्यांच्याकडून कोणी काढून घेत नाही. आम्ही काढून घेतली होती ती आजीची दुपार.

भाच्याला फोन केला तेव्हा तो थोडा हिरमुसला. "म्हणजे तुरुंगातला नाही?" मी त्याला मिस्त्रींची एक सूचना मात्र आवर्जून सांगितली. चरखा काचेत ठेवण्यापूर्वी पॉलिशवाल्याकडे द्यायचा नाही. मूठ, ती कड आणि तळ घासून नवे केले, तर आजीच्या हाताचा एवढा एकच कागद पुसला जाईल. कोरड्या मऊ कापडाने धूळ झटकायची, आणि पेन्सिलीच्या अक्षरांना तेही लावायचे नाही.

पाटी आता लागली आहे. तिच्यावर दोनच ओळी आहेत. पहिल्या ओळीत आजीचे नाव आहे. दुसरी ओळ अशी: 'सुमारे १९६०. रोजच्या वापरातला.'